नवरात्राचे रंग आणि गर्भदीपाचा उजेड

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात आणि त्याच सायंकाळी सातारा, सांगली, कऱ्हाड, मिरज या गावांतील मंगल कार्यालयांचे दरवाजे गरब्यासाठी उघडतात. पूर्वी गुजराती व्यापारी कुटुंबांच्या चौकात होणारा हा फेर आता आपल्या लेकीसुनांचाही झाला आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आपल्याकडील हादग्यातही पाटावर हत्ती काढून त्याभोवतीच मुली फेर धरतात. मध्ये दैवत आणि भोवती वर्तुळ, ही रीत आपणांस परकी नाही. आज लिहावयाचे आहे ते त्या मध्यभागाविषयी, म्हणजेच मंडप कसा सजवावा याविषयी.

‘गरबा’ हा शब्द ‘गर्भदीप’ या संस्कृत शब्दावरून आला, असे सांगितले जाते. अंगाला भोके पाडलेले मातीचे मडके, त्याच्या पोटात तेवणारी ज्योत, आणि भोकांतून बाहेर सांडणारे प्रकाशाचे ठिपके हा खरा गरबा होय; त्याभोवतीच्या नृत्यास ते नाव मागाहून मिळाले. मंडपाची कोणतीही योजना या एका वातीपासून सुरू झाली पाहिजे. प्रत्यक्षात ती भिंतीपासून सुरू होते आणि वातीपर्यंत पोहोचतच नाही.

सन २०२५ च्या नवरात्रात, शुक्रवारी २६ सप्टेंबरला, सांगलीतील एका कार्यालयात आरतीसाठी आम्हांस बोलावले होते. शुक्रवार म्हणजे हिरवा रंग. छताला हिरवे सॅटिन, भिंतींना हिरवी जाळी, चारही कोपऱ्यांतून हिरवे फोकस. बायकाही हौसेने हिरवे शालू नेसून आलेल्या. आत पाऊल टाकताच काही तरी खटकले, पण काय ते उमगेना. ओटी भरावयास एक वृद्ध बाई पुढे आल्या तेव्हा ते ध्यानात आले. त्यांच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसत होते! मळवट भरलेल्या देवीच्या मुखावरही काळी पट्टी ओढल्यासारखी दिसत होती. सवाष्णींच्या मेळाव्यात एकाही कपाळावर लाल रंग नव्हता.

यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. कुंकू लाल दिसते, कारण पडलेल्या उजेडातील तांबडा भाग तेवढा ते परत फेकते. निव्वळ हिरव्या किंवा निळ्या उजेडात तांबडा भाग नसतोच. मग कुंकवाने परत द्यावे काय? ते काळे पडते, आणि चेहऱ्याची कांतीही आजाऱ्यासारखी होते. त्यावरून मंडप सजविणाऱ्यांनी एक नियम बांधून घ्यावा : दिवसाचा रंग कापडावर टाकावा, माणसांवर आणि मूर्तीवर टाकू नये. माणसांवर व देवीवर पडणारा उजेड नऊही दिवस एकच, घरच्या समईसारखा उबदार पिवळसर पांढरा असावा.

या वारांच्या रंगांविषयी आधी स्पष्ट बोललेले बरे. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, आणि वार पुन्हा सुरू झाला की उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांपैकी रंग, ही यादी या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी वृत्तपत्रांनी रूढ केली. सप्तशतीच्या तेरा अध्यायांत ती नाही. सन २०२५ मध्ये तृतीयेची वृद्धी होऊन घटापासून दसऱ्यापर्यंत दहा दिवस आले, तेव्हा नऊ रंगांच्या यादीत दहावा दिवस बसवावा कोठे, असा प्रश्न अनेकांस पडला. तो शास्त्रार्थाचा प्रश्न नव्हताच. आपल्या परंपरेत रोजचा रंग आहे, पण तो घटावर चढणाऱ्या माळेचा. पहिली माळ शेवंती-सोनचाफ्याची पिवळी, दुसरी अनंत-मोगऱ्याची पांढरी, तिसरी गोकर्णाची निळी, चौथी अबोलीची केशरी, आणि पुढे आठवी जास्वंद-कण्हेराची तांबडी. वारांच्या रंगाने एकाच रंगाची पातळे नेसलेल्या बायकांत गरीब-श्रीमंत भेद थोडा पुसला जातो, म्हणून आम्ही त्यास नाव ठेवीत नाही. मात्र वाराचा रंग भिंतीवर ठेवावा आणि घटावर माळेचा रंग राहू द्यावा.

आता प्रत्यक्ष योजना. आपल्याकडील मध्यम कार्यालयाचे सभागृह साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद आणि चौदा फूट उंच धरू. पुष्कळ मंडळी रोजच्या रंगाचे सॅटिन भाड्याने आणून नऊ वेळा बांधतात आणि सोडतात. त्यात पैसा जातोच, शिवाय रोज शिडीवर चढून घाईने बांधलेली गाठ कधी तरी सुटते. त्याऐवजी पांढरे सुती कापड एकदाच बांधावे. इचलकरंजी किंवा विट्याच्या मागांवरचे साधे कापड त्यासाठी उत्तम. पांढऱ्या कापडाचा गुण असा की ज्या रंगाचा प्रकाश पडेल त्या रंगाचे ते होते. रंगीत कापडाला हे साधत नाही, कारण लाल कापडावर निळा दिवा टाकला की ते कुंकवासारखेच काळवंडते.

छतासाठी मध्यावर, तेरा फूट उंचीवर, चार फूट व्यासाचे लोखंडी कडे टांगावे आणि त्यापासून चारी भिंतींकडे पट्ट्या न्याव्यात. कड्याच्या आतला भाग उघडा ठेवावा, कारण त्याच्या बरोबर खाली ज्योत राहणार आहे. छताचे पंखे या काळात बंदच राहिले पाहिजेत. पाती काढून बटणावर चिकटपट्टी लावावी, नाही तर सवयीने कोणी तरी बटण दाबतो आणि पात्यात कापड गुंडाळले जाते. वाऱ्यासाठी उभे पंखे भिंतीकडे पाठ करून ठेवावेत.

झोळाच्या हिशेबात मात्र जवळजवळ सगळेच चुकतात. कड्यापासून लांबच्या भिंतीपर्यंतचे अंतर अठ्ठावीस फूट. तेथे तीन फुटांचा डौलदार झोळ हवा असेल तर कापड किती जास्त लागेल? विचारले तर चार-पाच फूट असे उत्तर मिळते. खरे उत्तर दहा इंच! दोन्ही टोके बांधलेल्या लांब पट्टीला थोडेसे कापड वाढविले की झोळ झपाट्याने वाढतो. ‘असू द्या हाताशी’ म्हणून तीन फूट जास्त सोडले तर मध्यभागी साडेपाच फुटांहून अधिक झोळ पडतो आणि कापड जमिनीपासून साडेसात फुटांच्याही खाली येते. उंचावलेल्या हातातील टिपरी आठ फुटांपर्यंत सहज पोहोचते. म्हणून एक पट्टी आधी बांधून, खाली उभे राहून हात उंचावून पाहावे. दहा फुटांच्या खाली कापड येत नसेल तरच बाकीच्या पट्ट्या कापाव्यात. परतीच्या पावसाच्या दमट हवेत सुती कापड जड होऊन आणखी थोडे उतरते, तेवढी सूट आधीच ठेवावी.

भिंतीवरच्या चुण्यांसाठी भिंतीच्या लांबीच्या दीडपट कापड पुरते. दरवाजे झाकू नयेत, त्यांवर नुसते तोरण बांधावे. वाट अरुंद झाली की काय होते, हे मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी सातारकरांनी पाहिले आहे.

कापड सुतीच का, याचे कारण नुसती शोभा नव्हे. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी मुलांच्या समारंभावरील कृत्रिम धाग्याच्या मंडपाने पेट घेतला आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य मुले, गेली. असे कापड नुसते जळत नाही. ते वितळून पेटत्या थेंबांनी खालच्या माणसांवर गळते. दुकानदार सुती म्हणून देतो ते खरोखर सुती आहे काय, हे पाहण्यासाठी चार बोटांची चिंधी चिमट्यात धरून उघड्यावर पेटवावी. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख आली तर सुती. आकसून काळी कठीण गोळी झाली तर ते कापड परत करावे. सुती कापडही पेटतेच. म्हणून एक लिटर कोमट पाण्यात सुमारे शंभर ग्रॅम टाकणखार आणि पंचेचाळीस ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात ते बुडवावे आणि वाळवावे. नंतर त्याचीही चिंधी पेटवून पाहावी. काडी दूर नेताच ज्वाला आपोआप विझली पाहिजे. विझली नाही तर पुन्हा बुडवावे. हा उपाय कृत्रिम कापडावर चालत नाही आणि धुतला की निघून जातो.

आता दिवे. भिंतीच्या पायथ्याशी, कापडापासून दीड-दोन फुटांवर, रंग बदलणारे बारा एलईडी फोकस वर तोंड करून ठेवावेत. जुने हॅलोजन भट्टीसारखे तापतात, ते कापडाजवळ आणूच नयेत. या बारा दिव्यांनी वाराचा रंग भिंतीवर चढतो. निळा, हिरवा, लाल सहज येतात. मोरपंखी हवा तर हिरव्यात निळा मिसळावा. पिवळ्यासाठी लाल-हिरव्याचे मिश्रण करू नये, त्यात हिरवट छटा राहते. उबदार पांढरा दिवाच पुरतो. शनिवारचा राखाडी मात्र कोणत्याही दिव्यातून निघत नाही. राखाडी म्हणजे शेजारच्या उजेडापेक्षा मंद झालेला पांढरा. त्या दिवशी भिंतीचे पांढरे दिवे अगदी मंद करावेत आणि नर्तकांवरचा उजेड तसाच ठेवावा. भिंत आपोआप राखाडी दिसू लागते.

नर्तकांवरचे उबदार दिवे भिंतींवरून, वरून खाली तिरके सोडावेत आणि त्यांना पुठ्ठ्याची झापडे लावावीत, म्हणजे मधल्या सहा फुटांच्या वर्तुळात त्यांचा झोत शिरत नाही. तेथे चौरंगावर घट आणि मडके. सहा फुटांवर दोरीचे रिंगण करावे, कारण घागऱ्याचा घेर आणि ओढणी गिरकीत किती दूर जाते याचा अंदाज नाचणाऱ्यांस नसतो. एका वातीचा उजेड तो किती! शेजारी प्रखर दिवा असला की तो डोळ्यांस दिसतच नाही. रिंगणात दुसरा उजेड नसेल तर मडक्याच्या भोकांतून सांडलेले ठिपके पहिल्या रांगेतल्या मुलींच्या पायांपर्यंत येतात. मूर्ती मात्र या अंधाऱ्या रिंगणात ठेवू नये. ती बाजूच्या मखरात असावी आणि तिच्यावर स्वतंत्र उबदार दिवा असावा.

आरतीच्या वेळी बटणांपाशी एक समंजस माणूस उभा करावा. ढोल थांबला की त्याने भिंतीचे रंग पूर्ण मालवावेत, नर्तकांवरचे दिवे चतुर्थांशावर आणावेत, आणि दरवाजांवरचे दिवे तसेच जळत ठेवावेत. पूर्ण अंधार करू नये. गर्दीत लहान मुले असतात.

घट बसण्याच्या आदल्या सायंकाळी सर्व रंग एकदा लावून पाहावेत. घरातील कोणा वडीलधाऱ्या बाईस कुंकू लावून रिंगणाच्या कडेला उभे करावे आणि एकेक रंग बदलत जावे. हिरव्याला आणि निळ्याला जरा अधिक थांबावे. कुंकू तांबडेच राहिले तर दिव्यांची तोंडे खडूने खूण करून पक्की करावीत. काळसर झाले तर भिंतीवरचा कोणता तरी फोकस आत वळला आहे, तो शोधून फिरवावा.