दर लपवू नका, आधी मुहूर्त विचारा

‘ब्रायडलचा दर फोनवर कधी सांगायचा नाही, पार्लरमध्ये बोलवायचं,’ हा सल्ला मेकअप शिकवणाऱ्या बऱ्याच जणी देतात. समोर बसलेलं गिऱ्हाईक सहसा परत जात नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण फोन करणारी वधू किंवा तिची आई त्याच दुपारी चार-पाच ठिकाणी विचारत असते. जिथे आकडाच कळत नाही, तिथे ती रिक्षा करून कशाला येईल? दुसरी चूक याच्या उलट: प्रश्न येताच ‘अठरा हजार’ म्हणून मोकळं व्हायचं. त्यात काय काय येतं हे न कळल्यामुळे तो आकडा शेजारच्या बारा हजारांपुढे महागच दिसतो.

दर सांगायचाच, पण दोन-तीन प्रश्नांनंतर. ‘किती घेता?’ असं विचारलं की म्हणावं, ‘सांगते ना. लग्नाची तारीख कोणती? मी मोकळी आहे का, ते आधी बघते.’ मुहूर्ताच्या सकाळी आपण एकाच वधूला पुरे पडतो. तारीख गेलेली असेल तर पुढचं बोलणंच नको. मग मुहूर्ताची वेळ आणि साड्या विचाराव्यात.

समजा मुहूर्त 11:20 चा आहे, आधी अष्टपुत्री आणि नंतर शालू. इथे घाई करू नये, हिशोब मोठ्याने मांडावा: ‘सव्वादहाला तुम्ही गौरीहरावर बसणार. मेकअप आणि केसांना दोन तास, साडी, दागिने, मुंडावळ्यांना पाऊण तास. म्हणजे साडेसातला सुरुवात, मी सातला कार्यालयात. मुहूर्तानंतर शालू नेसवून, टचअप करून मगच निघेन. या सगळ्याचे अठरा हजार. आई आणि करवलीचा मेकअप वेगळा.’ एवढं बोलून थांबावं. आपणच गडबडून ‘करू थोडं कमी’ म्हटलं की अठरा हजार आपल्यालाही पटलेले नाहीत, हे समोरच्याला कळतं.

‘कमी नाही का होणार?’ हे येणारच. दर तोच ठेवून काम कमी करावं: ‘शालू घरचं कुणी नेसवणार असेल तर मुहूर्तापर्यंतचेच चौदा हजार.’ त्यांच्याकडे सात-आठच हजार असतील तर दुसऱ्या चांगल्या मुलीचं नाव सुचवावं.

‘याच तारखेला दुसरीही विचारतेय’ ही थाप मात्र मला अजिबात मान्य नाही. नात्यागोत्यात ती उघडी पडते, आणि पुढची लग्नं त्याच नात्यांतून येतात. त्याऐवजी खरं तेच सांगावं: ‘उद्या संध्याकाळी सातपर्यंत तारीख तुमच्यासाठी धरते. पाच हजार अॅडव्हान्स आला की पक्की.’ फोन ठेवताच तारीख, वेळ, कामं आणि रक्कम व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावी, कारण फोनवर आई बोललेली असते आणि पैसे बहुधा वडील पाठवतात. तारीख बदलली किंवा लग्न पुढे गेलं तर अॅडव्हान्सचं काय, हेही त्याच निरोपात लिहावं.