सरासरीसोबत मध्यक आणि पर्सेंटाइलही छापा

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
एनआयसीडीसी लॉजिस्टिक्स डेटा सर्व्हिसेस

महोदय,

२०१६ मध्ये न्हावा शेवा बंदरातून सुरू झालेल्या आपल्या व्यवस्थेमुळे प्रत्येक कंटेनरवरच्या आरएफआयडी टॅगची नोंद बंदराच्या गेटवर आणि टोलनाक्यावर होते. एवढी बारीक नोंद हाताशी असताना देशात चर्चा होते ती सरासरीची. जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालातला भारतीय बंदरांतल्या कंटेनरच्या मुक्कामाचा ‘सरासरी ३ दिवस’ हा आकडा तेव्हा सर्वत्र गाजला. माल पाठवणाऱ्याला त्यातून पुरेसे कळत नाही.

वडखळचेच पाहा. इथे अलिबागचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. रविवारी संध्याकाळी अलिबागहून परतणाऱ्या गाड्या याच नाक्यावर येतात आणि बंदराकडे निघालेला ट्रेलर त्यांच्यात अडकतो. समजा, वडखळ ते बंदराचे गेट अशा दहा फेऱ्या झाल्या. आठ फेऱ्यांना प्रत्येकी २ तास लागले, एकीला ६ आणि एकीला ८. बेरीज ३० तास, सरासरी ३ तास. पण ३ तास एकाही फेरीला लागलेले नाहीत! मध्यक २ तास येतो, म्हणजे नेहमीची फेरी तेवढ्यात होते. ९० वे पर्सेंटाइल ६ तास येते, म्हणजे दहापैकी नऊ गाड्या तोवर पोहोचतात. जहाजासाठी गेट बंद होण्याची वेळ ठरलेली असते. सरासरीवर विसंबून ३ तास आधी गाडी सोडणाऱ्याचे दहात दोनदा जहाज चुकेल. त्याच्या कामाचा आकडा ६ आहे.

दुसऱ्या महिन्यात दहाही फेऱ्यांना ३ तास लागले, तरी सरासरी तीच राहील. अहवाल म्हणेल, काहीच बदलले नाही. वाहतूकदाराच्या दृष्टीने मात्र सगळेच बदललेले असेल, कारण आता वेळेचा भरवसा आहे.

आणखी एक गोष्ट. महिनाअखेर जे कंटेनर यार्डातच पडून असतात, त्यांचा मुक्काम संपलेला नसतो. सरासरी फक्त बाहेर पडलेल्यांची काढली, तर सर्वांत रखडलेलेच हिशेबातून गळतात आणि आकडा उगाच चांगला दिसतो. महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या शंभरांपैकी सात अजून आत असले, तरी ९० वे पर्सेंटाइल नेमके सांगता येते, कारण नव्वदावा कंटेनर बाहेर पडलेला असतो.

मात्र दहा फेऱ्यांवरून ९५ वे पर्सेंटाइल काढणे व्यर्थ आहे, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी नोंदींची संख्या हवी. रस्त्याचे आणि बंदराचे पर्सेंटाइल बेरजेने जोडू नये. पूर्ण प्रवासाचे ते मूळ नोंदींवरूनच काढावे लागते, आणि त्या नोंदी आपल्याकडेच आहेत.

म्हणून विनंती अशी की, येत्या मासिक अहवालापासून प्रत्येक मार्गाचा मध्यक, ९० वे पर्सेंटाइल आणि नोंदींची संख्या सरासरीच्या शेजारी छापावी, आणि शनिवार-रविवारचे आकडे वेगळे द्यावेत.

आपला,
वडखळचा एक माल पाठवणारा