पिशवी काढण्याआधी आतून बघा तरी

लोहारा तालुक्यातलं सास्तूर आठवतं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळं. भूकंपानंतर या भागात पक्की घरं आली, रस्ते आले, ग्रामीण रुग्णालयही आलं. पण बायकांच्या एका तक्रारीबद्दल इथली बोली बदलली नाही. संबंधानंतर रक्त गेलं तर बाई ते ‘पाळी मागंपुढं होतीय’ म्हणून सांगते, सासू ‘अंगात उष्णता वाढली’ म्हणते, आणि तालुक्याच्या गावातला एखादा डॉक्टर म्हणतो, ‘पिशवीला जखम आहे, काढून टाकू.’ या तिन्ही उत्तरांशी माझं भांडण आहे. त्यांच्याइतकंच भांडण शहरातल्या एका शहाण्या उत्तराशीही आहे.

ते शहाणं उत्तर आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. ते असं, की संबंधानंतर थोडं रक्त दिसणं ही सामान्य तक्रार आहे, बहुतेक वेळा कारण साधं निघतं, मग खेड्यातल्या बाईला कॅन्सरचं नाव सांगून घाबरवायचं कशाला? घाबरलेली बाई पिशवी काढायला आणखी लवकर तयार होते. यातली पहिली गोष्ट खरी आहे. तरुण वयात, गोळ्या चालू असताना किंवा गरोदरपणात गर्भाशयमुखाच्या आतलं मऊ, लाल अस्तर बाहेरच्या बाजूला सरकतं. ते नाजूक असल्यामुळं धक्का लागला की रक्त येतं. यालाच आपल्याकडं ‘जखम’ म्हणतात, पण ती जखम नव्हे आणि बहुतेकींना तिच्यावर काही करावंही लागत नाही. क्लॅमिडिया, परमा, ट्रायकोमोनास यांसारखे संबंधातून येणारे जंतुसंसर्ग गर्भाशयमुखाला सूज आणतात. ते औषधानं बरे होतात, मात्र नवऱ्यानंही औषध घ्यायला हवं, नाहीतर महिन्याभरात सगळं परत पहिल्यासारखं. देठावर लोंबणारा छोटा मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, असतो. पाळी गेल्यावर योनीचं अस्तर कोरडं आणि पातळ होतं, तिथूनही रक्त येतं. या सगळ्यात भिण्यासारखं काही नाही.

ब्रिटनमधल्या आकडेवारीचा एक अंदाज तर असा आहे की विशीच्या सुरुवातीला अशी तक्रार असणाऱ्या साधारण ४४,००० बायकांत एकीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघतो, आणि ४५ ते ५४ वयात साधारण २,४०० त एकीला. शहाण्या उत्तराचा सगळा भार अशाच आकड्यांवर असतो. पण हे आकडे अशा देशातले आहेत जिथं बाईला ठरावीक वर्षांनी तपासणीचं पत्र घरी येतं आणि कॅन्सरच्या आधीचे बदल बहुतेकींमध्ये आधीच पकडून काढलेले असतात. आपल्याकडं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. चाळणीतून गेलेल्या बायकांचा हिशेब चाळणीच न लागलेल्या बायकांना लावून त्यांना निर्धास्त करणं, हा हिशेबच चुकीचा आहे. वय वाढत गेलं की धोका कसा चढतो, तेवढं मात्र त्या आकड्यांतून घेण्यासारखं आहे.

आता ‘काढून टाकू’ म्हणणाऱ्यांकडं वळू. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. धाराशिवमधूनही टोळ्या कारखान्यांवर जातात, तेव्हा हे शेजारच्या घरचं म्हणून सोडून देता येत नाही. ‘कॅन्सर होईल’ ही भीती त्या सौद्यात कशी वापरली गेली, हेही त्या काळात पुष्कळ बोललं गेलं. पण एक गोष्ट कमी बोलली गेली. कॅन्सर खरंच असेल, तर ही साधी शस्त्रक्रिया उपचार ठरत नाही, उलट उपचाराच्या आड येते. गर्भाशयमुखाचा पसरलेला कॅन्सर किरणोत्सर्ग आणि केमोनं बरा करायचा असतो, आणि आतून किरणं देण्याची नळी गर्भाशयाच्या पोकळीतच बसवावी लागते. पिशवी आधीच गेलेली असली तर ती नळी बसवायला जागाच उरत नाही, आणि कॅन्सर आजूबाजूला मागं राहिलेला असतो. आणि कॅन्सर नसेल, तर सूज औषधानं गेली असती, पॉलिप काही मिनिटांत निघाला असता. दोन्हीकडून घाटा बाईचाच.

तेव्हा घाबरवू नका म्हणणारे आणि काढून टाका म्हणणारे, दोघांची चूक एकच आहे. आतून न बघताच दोघंही निकाल देतात.

बघायचं म्हणजे काय करायचं? समजा सास्तूरजवळच्या गावातली ४६ वर्षांची बाई आहे. तीन बाळंतपणं झालेली, पाळी अजून चालू. गेले काही महिने मालक जवळ आल्यावर दुसऱ्या दिवशी कपड्याला लाल डाग दिसतो, शिवाय पांढरं जातं आणि त्याला वास येतो. दुखत काहीच नाही. इथंच ती फसते, कारण गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही. दुखेपर्यंत थांबलेली बाई उशिरा आलेली असते. ‘आशा’ताईनं किंवा नर्सनं सरळ विचारायला हवं, की रक्त पाळीशिवाय येतं का आणि संबंधानंतर येतं का. बाई आपण होऊन हे सांगत नाही, लाजते. विचारलं तर बहुतेकजणी सांगतात.

डॉक्टर आधी गरोदरपण नाही ना हे बघतील. मग टेबलावर झोपवून स्पेक्युलम घालून चांगल्या उजेडात गर्भाशयमुख बघतील. यात काही मिनिटं जातात. रक्त योनीच्या भिंतीतून येतंय, मुखावरून येतंय की वरून पिशवीतून, हे तिथंच बऱ्याच अंशी कळतं. मुख लाल, पण गुळगुळीत असेल, पू येत असेल तर संसर्गाची तपासणी आणि औषध. कोंब असेल तर तो पिरगळून काढायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. कापसाच्या बोळ्यानं नुसतं टेकलं तरी भळभळ रक्त येत असेल, मुखावर फुलकोबीसारखी गाठ, खड्डा किंवा कडक भाग दिसत असेल, तर तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. या बाईच्या बाबतीत सगळं यावर अवलंबून आहे.

इथं एक फसवा दिलासा आडवा येतो. ‘पॅप स्मिअर केला, नॉर्मल आला, आता काळजी नको.’ स्मिअर ही चाळणीची तपासणी आहे, वरवर काहीच न दिसणाऱ्या बाईतले सूक्ष्म बदल हुडकायला ती असते. डोळ्यांना गाठ दिसत असताना स्मिअर नॉर्मल आला म्हणून बाईला घरी पाठवणं ही चूक आहे, कारण सडलेल्या, रक्ताळलेल्या भागातून घेतलेला नमुना कॅन्सर चुकवू शकतो. गाठ दिसली की तुकडाच हवा. गाठ दिसली नाही, स्मिअर नॉर्मल आला, संसर्गावर इलाज झाला, तरी रक्त येतच राहिलं, तर सोलापूर, लातूर किंवा बार्शीला जाऊन कोल्पोस्कोपी, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीनं तपासणी. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तर मुखाबरोबर पिशवीच्या आतलं अस्तरही तपासायला हवं.

एवढं झालं रक्त दिसणाऱ्या बाईचं. जिला काहीच होत नाही तिचं काय? ‘तक्रार नाही, मग तपासणी कशाला’ या म्हणण्याला उत्तर देणारं काम आपल्याच जिल्ह्यात झालंय, आणि जगानं ते वाचलं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची ल्यों इथली कॅन्सर संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका निवडल्या. ५२ गावगटांना चार तुकड्यांत वाटलं. एका तुकडीला एकदा एचपीव्हीची चाचणी, दुसरीला एकदा स्मिअर, तिसरीला व्हिनेगर लावून बघण्याची तपासणी, चौथीला नेहमीची आरोग्यसेवा. निकाल २००९ साली छापून आला. एचपीव्हीच्या तुकडीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, चौथ्या तुकडीत ६४. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात पोचलेले कॅन्सर एकीकडं ३९, दुसरीकडं ८२. तुकड्यांचा आकार थोडा कमीजास्त होता, पण तो धरूनही मृत्यू जवळपास निम्मे. तेही आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं, ज्या बायकांना त्या दिवशी कसलीच तक्रार नव्हती त्यांच्यात.

या प्रयोगावर एक आक्षेप आहे आणि तो मला पटतो. चौथ्या तुकडीतल्या बायकांना इतकी वर्षं तपासणीविना ठेवणं योग्य होतं का? तपासणी उपयोगी आहे हे जगाला ठाऊक असताना? हा हिशेब त्या बायकांना कुणी चुकता करू शकत नाही. पण ज्या जिल्ह्यानं एवढी किंमत देऊन हा पुरावा दिला, त्याच जिल्ह्यात तो आज न वापरणं हा दुसरा अन्याय होईल.

व्हिनेगरची तपासणी मात्र एकट्या या प्रयोगावरून बाद ठरवू नये. त्यात मुखावर पातळ ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा पडलेला भाग शोधतात. एकदाच करून उस्मानाबादेत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, पण मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूनं ती दर दोन वर्षांनी परत परत केली, तेव्हा मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी उतरले. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी ठरवलेली आहे. पाळी गेल्यावर बदल होणारा भाग आत सरकतो, तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर तीच घ्यावी, तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बाईनं पंचविशीपासून, तीन ते पाच वर्षांनी.

बायांनो, संबंधानंतर रक्त दिसलं तर वय कितीही असो, या तपासण्यांच्या वेळापत्रकाची वाट बघू नका, आतून तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात जाऊन स्पष्ट शब्दांत ‘संबंधानंतर रक्त जातं’ असं सांगा, कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार आहेत. आणि जो डॉक्टर स्पेक्युलम न लावता, तपासणीचा एकही कागद न दाखवता ऑपरेशनची तारीख देतो, त्याच्याकडं त्या तारखेला जाऊ नका.