चोवीस तासांची अट आणि पाच तासांची शस्त्रक्रिया

आरोग्य विम्याच्या पॉलिसीतील 'रुग्णालयात सलग किमान २४ तास भरती' ही अट आता बहुतेकांना तोंडपाठ झाली आहे. मात्र तिला जोडूनच येणारा अपवाद फारसा कोणी वाचत नाही. परिणामी दोन विपरीत गोष्टी घडतात. ज्यांचा दावा मंजूर होण्यासारखा असतो ते तो करीतच नाहीत, आणि ज्यांना रात्री घरी जाण्यास काहीच हरकत नसते ते केवळ घड्याळाचा काटा पुरा व्हावा म्हणून रुग्णालयात पडून राहतात.

उदाहरणासाठी समजा, गंगाखेडचे एक निवृत्त शिक्षक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी परभणीस गेले. सकाळच्या गाडीने निघून दहा वाजता ते भरती झाले, दुपारी शस्त्रक्रिया झाली, आणि तीन वाजता डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना घरी जाण्यास सांगण्यात आले. हाती पडलेल्या कागदावर 'डे-केअर' असा शब्द होता. तो पाहून त्यांचा समज झाला की, आपण 'भरती' झालोच नाही, म्हणजे विमाही गेला. विमा कक्षातील कारकुनाने त्यांना सांगावयास हवे ते असे : "गुरुजी, तुम्ही किती तास राहिलात हा येथे प्रश्न नाही. हीच शस्त्रक्रिया पूर्वी झाली असती तर तुम्हांला किती दिवस राहावे लागले असते, हा प्रश्न आहे."

अपवादाचे सारे मर्म या उत्तरात आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या व्याख्येनुसार डे-केअर उपचाराच्या कसोट्या अशा : उपचार वा शस्त्रक्रिया रुग्णालयात किंवा डे-केअर केंद्रात झालेली असावी; ती पूर्ण अथवा स्थानिक भूल देऊन केलेली असावी; तांत्रिक प्रगतीमुळे ती २४ तासांच्या आत उरकलेली असावी; आणि ही प्रगती नसती तर रुग्णास २४ तासांहून अधिक काळ राहावे लागले असते, असे तिचे स्वरूप असावे. सामान्यतः बाह्यरुग्ण विभागात होणारे उपचार मात्र या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहेत.

मोतीबिंदू हे या व्याख्येचे जणू मूर्तिमंत उदाहरण होय. जुन्या पद्धतीत डोळ्याला मोठा छेद देऊन भिंग अखंड काढावे लागे. जखम हलू नये म्हणून रुग्णाला कित्येक दिवस खाटेवर निश्चल पडून राहावे लागे, आणि डोके स्थिर राहण्यासाठी दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवीत. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत पुढे आणली. आज छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो व बहुधा टाकाही पडत नाही. डोळ्यात भूल देणारे थेंब घातले तरी ती स्थानिक भूलच ठरते. आजार तोच, शस्त्रक्रियेचा हेतूही तोच. खाटेवरचे दिवस तेवढे गळाले. ते गळाल्याबद्दल रुग्णास दंड होऊ नये, हा अपवादामागील न्याय आहे. १९८६ मध्ये आपल्याकडे मेडिक्लेम आला. त्या योजनेतही पुढे डायलिसिस, केमोथेरपी, डोळ्यांची शस्त्रक्रिया यांसारख्या उपचारांना भरतीच्या मुदतीतून सूट मिळाली.

उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. हगवणीने थकलेल्या मुलाला दवाखान्यात चार तास सलाइन लावले, तर तो डे-केअर उपचार ठरत नाही. तेथे भूल नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि असे उपचार पूर्वीही खाटेवर न ठेवता होत असत. मनगटाला साधे प्लास्टर घातले तर तो बाह्यरुग्णाचा खर्च होय. पण सरकलेले हाड भूल देऊन जागेवर बसवावे लागले, तर चित्र बदलते. तसेच केवळ तपासण्यांसाठी भरती होऊन दोन रात्री काढल्या तरी दावा सहसा मान्य होत नाही. तास भरले म्हणजे हक्क लागला, हा समज 'तास भरले नाहीत म्हणजे हक्क गेला' या समजाइतकाच चुकीचा आहे.

तासांच्या मोजणीत आणखी एक फसगत होते. वरील शिक्षक प्रवास नको म्हणून रात्र तेथेच काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघाले असते, तर कार्डावर दोन तारखा पडल्या असत्या. पण तास भरले असते बावीसच. दोन तारखा म्हणजे २४ तास नव्हेत. तरीही त्यांच्या दाव्याला बाध आला नसता, कारण तो डे-केअर म्हणूनच तपासला गेला असता. दोन तास अधिक थांबण्याने त्यांना मिळाले काय असते? खोलीचे वाढीव भाडे आणि विमा कंपनीची 'या मुक्कामाची वैद्यकीय गरज काय होती' ही पृच्छा!

दावा पात्र ठरला म्हणजे सारे बिल मिळेल असे नव्हे. २०२० पासून सर्व कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणाऱ्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत मोतीबिंदूसाठी दर डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा आहे. शिक्षकांची विमा रक्कम तीन लाख आणि बिल ४६,००० रुपये धरले, तर २५ टक्के म्हणजे ७५,००० होतात. म्हणून मर्यादा ४०,००० ची लागते. त्यातून विमेदाराचा ५ टक्के वाटा, म्हणजे २,००० रुपये, वजा जाऊन हाती ३८,००० येतात. विमा रक्कम एकच लाख असती तर २३,७५० वरच समाधान मानावे लागले असते. शिवाय याच पॉलिसीत मोतीबिंदूसाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आहे. पॉलिसी घेऊन वर्षच झाले असेल तर दावा नाकारला जाईल; पण त्याचे कारण मुक्काम थोडा होता हे नसेल. नकाराच्या पत्रात नेमके कोणते कलम दाखविले आहे, हे म्हणूनच आधी पाहावे.

गंगाखेडसारख्या गावात खरी अडचण बहुधा कागदांची असते. भरतीची नोंद न करता नुसती बाह्यरुग्ण विभागाची पावती दिली, तर तीच शस्त्रक्रिया कागदावर साधी तपासणी होऊन बसते. डिस्चार्ज कार्डावर भरतीची व सुटीची वेळ, शस्त्रक्रियेचे नाव, भुलेचा प्रकार आणि बसविलेल्या भिंगाचे लेबल असावे. रुग्णालयाचाही प्रश्न येतो. स्थानिक नोंदणी नसलेल्या रुग्णालयाला दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावी किमान दहा खाटांची अट आहे. डे-केअर केंद्राला मात्र खाटांची अट नाही, पात्र डॉक्टर व परिचारिका, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि दैनंदिन नोंदी पुरेशा आहेत. चार खाटांचे नेत्रचिकित्सालय केवळ खाटा मोजून बाद करता येत नाही, ते यामुळेच.

कंपन्यांच्या यादीत नसलेल्या उपचारांबाबत वाद होतात, हे खरे. २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २४ तासांहून थोडा कमी काळ भरती असलेल्या एका रुग्णाचा दावा देण्याचा आदेश दिला. नव्या उपचारपद्धतींमुळे मुक्काम घटला असताना तासांवर अडून बसणे आयोगास मान्य झाले नाही. जिल्हा आयोगाचा हा आदेश इतरांवर बंधनकारक नाही, तरी त्यातील युक्तिवाद तक्रारीत अवश्य मांडता येतो. नकार आल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज करावा लागतो. तेथे दाद न लागल्यास परभणी जिल्ह्यातील विमेदाराला पुण्याच्या विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाचीही गरज पडत नाही.