फुकटच्या पुड्यावरचा कर



बिलातल्या शून्य रुपयांच्या ओळीवरही जीएसटी लागतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटत नाही. सदाशिव पेठेतल्या दुकानदाराला कंपनीने शंभर रुपयांचे दहा पुडे विकून अकरावा मोफत दिला, तर १८ टक्क्यांनी कर हजारावरच, म्हणजे १८० रुपये. मार्च २०१९ च्या परिपत्रकानुसार ही अकरा पुड्यांची एकाच किमतीतली विक्री ठरते. कंपनीचे इनपुट क्रेडिटही शाबूत राहते. बिलातच दाखवलेली सूटही करपात्र किमतीतून वजा होते.

निव्वळ नमुना वाटला तर मात्र कर नाही, पण त्यावरचे क्रेडिट कंपनीला परत करावे लागते. फुकटेपणाची किंमत तिथे मोजली जाते, बिलात नव्हे!

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे