पीआरएन म्हणजे ‘वाटेल तेव्हा’ नव्हे

चिठ्ठीवरची बीआयडी, एसी, पीआरएन ही अक्षरे डॉक्टर आणि औषधविक्रेत्यासाठी असतात, रुग्णाने त्यांत डोके घालू नये, असे मानणारे पुष्कळ आहेत. हे लॅटिन संक्षेप जुने आहेत, पटकन लिहून होतात, त्यांचे अर्थ ठरलेले आहेत आणि औषध देताना दुकानदार तोंडी सांगतोच, असे त्यांचे म्हणणे.

वॉर्डात हे चालते. बीआयडी म्हणजे दिवसातून दोनदा, एसी म्हणजे जेवणापूर्वी, हे तिथल्या परिचारिकेला पाठ असते. पण घरी रात्री ताप चढतो तेव्हा दुकान बंद असते. तोंडी सांगितलेले अर्धे विसरलेले असते आणि हातात उरते ती चिठ्ठी.

अर्थ ठरलेले असतात, हेही पूर्ण खरे नाही. ओडी हे गोळीपुढे लिहिले तर दिवसातून एकदा. डोळ्यांच्या तपासणीच्या कागदावर मात्र त्याचा अर्थ उजवा डोळा. एसी वाचून थायरॉइडची गोळी कोणी न्याहारीला बसता बसता घेतली, तर ती नीट शोषली जात नाही. ती रिकाम्या पोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. दोन अक्षरांत ते मावत नाही.

सर्वांत अपुरे आहे पीआरएन. आपल्याकडे त्याच अर्थाने बहुधा एसओएस लिहितात : गरज लागल्यास. कशाची गरज, किती अंतराने, दिवसात जास्तीत जास्त किती, यांतले काहीच त्यात नाही. ‘पॅरासिटॅमॉल ६५०, पीआरएन’ हे उदाहरण घ्या. सहा सहा तासांनी घेतल्यास २४ तासांत चार गोळ्या, म्हणजे २६०० मिलिग्रॅम होतात. प्रौढासाठी कमाल मर्यादा साधारण ४००० मिलिग्रॅम. यकृताचा आजार असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी. पण सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल असते. ५०० मिलिग्रॅमच्या तशा चार गोळ्या त्याच दिवशी पोटात गेल्या, तर बेरीज ४६०० होते. यकृताला इजा होऊ लागली तरी पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही, म्हणून धोका उशिरा कळतो.

तेव्हा डॉक्टरांनी असे लिहावे : ‘ताप किंवा अंगदुखी असेल तरच एक गोळी. दोन गोळ्यांत किमान सहा तास. दिवसात चारपेक्षा जास्त नाही. पॅरासिटॅमॉल असलेले दुसरे औषध नको.’ हे लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. आणि चिठ्ठीवर नुसते पीआरएन किंवा एसओएस दिसले, तर रुग्णाने खुर्चीवरून उठण्याआधी विचारावे : कशासाठी, किती अंतराने, जास्तीत जास्त किती? ही तीन उत्तरे मराठीत चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका.