जाहिरातीतली खरी गरज कशी ओळखायची?

धाराशिव जिल्ह्यातल्या आडत दुकानाच्या नोकरीची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर येते, तेव्हा ती अनेकदा पुण्यातल्या एखाद्या कंपनीची उचललेली असते. नमुना पाहा: ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवा. उत्तम इंग्रजी, नेतृत्वगुण, परदेशी ग्राहक हाताळण्याचा अनुभव, टॅली, जीएसटी, हंगामात जादा वेळ थांबण्याची तयारी.’

आधी कुठल्याही जाहिरातीत खपतील अशा अटी खोडा. इंग्रजी, नेतृत्वगुण गेले. परदेशी ग्राहकाचा आडतीशी संबंधच नाही. उरले टॅली, जीएसटी आणि हंगाम. त्यातला ‘हंगाम’ हा शब्द नक्कीच मालकाचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची आवक वाढली की काट्यावरच्या वजनावरून शेतकऱ्याची हिशेबपट्टी त्याच दिवशी करणारा माणूस त्यांना हवा आहे. मासिक जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची. त्याआधी विक्रीची बिलेही त्यानेच जुळवायची.

हा अंदाज फोनवर तपासा. रोज किती पट्ट्या होतात? आधीचा माणूस का गेला? विवरणपत्र सीए भरतात का? भरत असतील, तर कायद्याच्या सखोल ज्ञानापेक्षा बिनचूक नोंदी महत्त्वाच्या. उत्तरे टाळली किंवा नोकरीसाठी आधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

मालकांनीही खरे काम चार ओळींत लिहावे. इंग्रजीला घाबरून अर्जच न करणारा बी.कॉम. झालेला मुलगा कदाचित त्यांच्याच कामाचा असतो.